विभागप्रमुखाला कशाने मोजावे: टक्क्याने की उरलेल्या रकमेने?

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, असे धरून चालू. तिचे दोन विभाग आहेत. पहिला जुना, पंचवीस वर्षांपूर्वी उभारलेला. त्याच्या यंत्रांचा बराचसा घसारा लिहून झाला असल्याने त्याची पुस्तकी मालमत्ता आता केवळ 40 कोटी रुपयांची दिसते आणि तो वर्षाला 10 कोटींचा नफा मिळवतो. दुसरा नवा, त्यात 90 कोटी गुंतले आहेत आणि नफा 9 कोटींचा आहे. कर्ज आणि भागभांडवल यांचा एकत्रित विचार केला तर कंपनीला भांडवल 12 टक्के दराने पडते. दोन्ही विभागांच्या प्रमुखांचा वार्षिक बोनस गुंतवणुकीवरील परताव्यावर, म्हणजे नफ्याला गुंतलेल्या मालमत्तेने भागून येणाऱ्या टक्क्यावर ठरतो. पहिल्याचा टक्का 25 आहे, दुसऱ्याचा 10.

आता दोघांपुढेही 20 कोटींचा एकेक प्रस्ताव येतो. जुन्या विभागातला प्रस्ताव वर्षाला 3 कोटी 40 लाखांचा नफा देईल, म्हणजे 17 टक्के. नव्या विभागातला 2 कोटी 20 लाखांचा, म्हणजे 11 टक्के. भांडवल 12 टक्क्यांनी पडत असताना पहिला प्रस्ताव स्वीकारावा आणि दुसरा नाकारावा, हे समजायला वित्तशास्त्राची पदवी लागत नाही. पण दोन्ही प्रमुख बरोबर उलटे वागतात. जुन्या विभागाच्या प्रमुखाने होकार दिला तर त्याचा नफा 13 कोटी 40 लाख होतो, मालमत्ता 60 कोटी होते आणि टक्का 25 वरून सुमारे 22.3 वर घसरतो. म्हणून प्रस्ताव त्याच्या टेबलाच्या पुढे जातच नाही. नव्या विभागाच्या प्रमुखाचा नफा मात्र 110 कोटींवर 11 कोटी 20 लाख होतो आणि त्याचा टक्का 10 वरून 10.2 च्या जवळ चढतो. तो प्रस्ताव उत्साहाने वर पाठवतो. परिणामी कंपनी 17 टक्क्यांचे काम सोडते आणि 11 टक्क्यांच्या कामात पैसे घालते. यात कोणी लबाडी केलेली नाही. प्रत्येकाने आपल्याला ज्या मापाने मोजले जाते त्या मापाप्रमाणेच प्रामाणिकपणे निर्णय घेतला आहे, आणि म्हणूनच दोष त्या मापात शोधायला हवा.

या मापात चूक कुठे होते, ते नीट पाहायला हवे, कारण ती हिशेबाची चूक नाही. परताव्याचा टक्का ही सरासरी आहे. एखाद्या वर्गाची सरासरी 80 गुणांची असेल तर 70 गुण मिळवणारा नवा विद्यार्थी आल्यावर ती उतरते, मग तो विद्यार्थी शाळेत घेण्याजोगा असो वा नसो. तसेच विभागाच्या सध्याच्या सरासरीपेक्षा कमी देणारा प्रत्येक नवा प्रकल्प सरासरी खाली ओढतो आणि जास्त देणारा वर नेतो. म्हणजे प्रत्येक प्रमुख नकळत स्वतःचा आजचा टक्का हाच गुंतवणुकीचा किमान दर मानू लागतो. जुन्या विभागासाठी तो दर 25 होतो, नव्यासाठी 10. कंपनीचा खरा दर 12 आहे आणि तो दोघांपैकी एकाच्याही गणितात कुठेच उतरत नाही. जो विभाग जितका चांगला चालला आहे, त्याला नवी गुंतवणूक नाकारण्याचे तितके मोठे कारण मिळते, आणि जो जितका वाईट चालला आहे त्याला पैसे मागण्याचे तितके मोठे कारण मिळते. भांडवल ज्या दिशेने वाहायला हवे त्याच्या नेमक्या उलट दिशेने ते वाहू लागते.

अवशिष्ट उत्पन्न हे दुसरे माप. ते टक्का काढत नाही, वजाबाकी करते. विभागाच्या नफ्यातून त्याने वापरलेल्या भांडवलाचे भाडे वजा करायचे आणि उरते ते त्याच्या नावावर मांडायचे. जुन्या विभागाकडे आज 10 कोटी वजा 40 कोटींवरचे 12 टक्के, म्हणजे 4 कोटी 80 लाख, म्हणून 5 कोटी 20 लाख उरतात. प्रकल्प घेतला तर 13 कोटी 40 लाख वजा 7 कोटी 20 लाख, म्हणजे 6 कोटी 20 लाख उरतात. एका कोटीची वाढ झाली, आणि ती 17 आणि 12 मधील पाच टक्क्यांच्या फरकाएवढीच आहे. नव्या विभागाची शिल्लक आजच उणे 1 कोटी 80 लाख आहे; त्याने 11 टक्क्यांचा प्रकल्प घेतला तर ती उणे 2 कोटी होते. आता दोघांचाही स्वार्थ त्यांना कंपनीच्या हिताकडेच नेतो, कारण दोघांच्या गणितात एकच दर बसला आहे. एवढ्या एका कारणासाठी, विभागप्रमुखांचा बोनस ठरवताना अवशिष्ट उत्पन्न वापरावे आणि परताव्याचा टक्का तिथून काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र अवशिष्ट उत्पन्नही जसे पाठ्यपुस्तकात मांडतात तसेच्या तसे लावले तर ते दुसऱ्या एका ठिकाणी तितकेच फसवते. त्याकडे मी पुढे येतो.

परताव्याच्या टक्क्याला इतकी प्रतिष्ठा कशी मिळाली, हे कळायला थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन या तरुण अधिकाऱ्याने परताव्याचा टक्का दोन भागांत फोडून दाखवला: विक्रीवर किती नफा सुटतो, आणि गुंतलेल्या भांडवलाच्या किती पट विक्री होते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे परतावा. त्यामुळे एखाद्या कारखान्याचा टक्का का घसरला याचा माग काढता येऊ लागला. किमती पडल्या, खर्च वाढला, की गोदामात माल साठून राहिला, हे वेगळे सांगता येऊ लागले. ड्यूपाँने जनरल मोटर्समध्ये मोठी गुंतवणूक केल्यानंतर ब्राउन तिकडे गेले आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या हाताखाली हीच पद्धत त्या विशाल कंपनीच्या विभागांना लागू झाली. निदानाचे साधन म्हणून ती आजही अप्रतिम आहे. माझा आक्षेप तिच्या निदानशक्तीला नाही, तर ती कोणाच्या हातात आणि कशासाठी दिली जाते याला आहे.

या इतिहासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जनरल मोटर्सने 1918 मध्ये बोनस योजना सुरू केली, तेव्हा बोनसचा निधी परताव्याच्या टक्क्यावर बेतलेला नव्हता. गुंतलेल्या भांडवलावर आधी 6 टक्के परतावा बाजूला काढायचा आणि त्यावर जो नफा उरेल त्याचा दहावा भाग बोनससाठी ठेवायचा, अशी ती रचना होती. पुढे तो दर 7 टक्के करण्यात आला. म्हणजे ज्या कंपनीने परताव्याचा टक्का जगप्रसिद्ध केला, तिने पैसे वाटण्याची वेळ आल्यावर वजाबाकीच वापरली. टक्का चौकशीसाठी आणि शिल्लक रक्कम वाटपासाठी, ही विभागणी मला अजूनही शहाणपणाची वाटते. जनरल इलेक्ट्रिकने 1950 च्या दशकात विभागांच्या मूल्यमापनात अवशिष्ट उत्पन्न आणले आणि पुढे न्यूयॉर्कच्या स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार संस्थेने तीच कल्पना ‘इकॉनॉमिक व्हॅल्यू अॅडेड’ या नावाने विकली. आपल्याकडे इन्फोसिसच्या वार्षिक अहवालांत या मोजमापाचे विवरण अनेक वर्षे छापले जात असे आणि गोदरेज समूहाने अधिकाऱ्यांच्या मोबदल्याची सांगड त्याच्याशी घातली. कल्पना नवी नाही, परकीही नाही.

टक्क्याचे दुसरे दुखणे भाजकात आहे. नफा वाढवणे कठीण असते. भाजक घटवणे सोपे असते. मी काही काळ एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात काम केले आहे आणि मार्च महिन्यात तिथे जे घडत असे ते मी जवळून पाहिले आहे. परताव्याचा टक्का 31 मार्चच्या शिलकी मालमत्तेवर काढला जाई. त्यामुळे फेब्रुवारीत बंदरावर उतरलेले यंत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गोदामात पडून राही आणि माल आवक नोंद नव्या आर्थिक वर्षात होई. दीड महिना यंत्र बंद, गोदामाचे भाडे चालू, आणि कागदावर मात्र विभागाचा टक्का अबाधित. यातला कोणताही व्यवहार बेकायदा नव्हता. मला तेव्हाही याचे वाईट वाटत असे, कारण ज्या माणसाने हे ठरवले तो अत्यंत कुशल अभियंता होता आणि त्याच्या हुशारीचा उपयोग यंत्र चालवण्याऐवजी ते लपवण्यासाठी होत होता.

भाडेपट्ट्याची वाट आणखी रुंद होती. ‘इंड एएस 116’ हे लेखामानक 1 एप्रिल 2019 पासून लागू होईपर्यंत बहुतेक भाडेकरार ताळेबंदात दिसतच नसत. यंत्र विकत घेतले तर ते भाजकात येई. भाड्याने घेतले तर केवळ भाडे खर्चात पडे. भाड्याचा दर भांडवलाच्या दरापेक्षा महाग असला, तरी टक्क्यावर मोजल्या जाणाऱ्या प्रमुखाला भाडेच स्वस्त वाटे. ही वाट आता बऱ्याच अंशी बुजली आहे. पण तिसरी वाट अजून उघडी आहे, आणि ती सर्वांत नुकसानकारक आहे. आपल्या उदाहरणातल्या जुन्या विभागात 10 कोटींची एक उत्पादनसाखळी असेल आणि ती 1 कोटी 80 लाख मिळवत असेल, तर ती 18 टक्के देते, म्हणजे भांडवलाच्या दरापेक्षा बरीच जास्त. तरीही ती पुस्तकी किमतीला विकून टाकली तर उरलेला विभाग 30 कोटींवर 8 कोटी 20 लाख मिळवतो आणि टक्का 25 वरून 27 च्या वर जातो. चांगला चालणारा धंदा मोडून प्रमुखाची प्रतिमा उजळते. अवशिष्ट उत्पन्नात हीच विक्री 60 लाखांचे नुकसान म्हणून दिसते, आणि तसेच ते दिसायला हवे.

आता अवशिष्ट उत्पन्नाच्या फसवणुकीकडे वळतो, कारण तिच्याबद्दल बोलल्याशिवाय या मापाची बाजू घेणे अप्रामाणिक ठरेल. एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. एक यंत्र 3 कोटींना मिळते, तीन वर्षे चालते आणि शेवटी त्याची किंमत शून्य होते. दरवर्षी ते 1 कोटी 30 लाखांची रोकड हातात देते. 12 टक्के दराने या तीन हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे 3 कोटी 12 लाख 24 हजार होते. म्हणजे यंत्र घेतल्याने कंपनी आजच्या हिशेबात 12 लाख 24 हजारांनी श्रीमंत होते; हेच त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य. यंत्र घ्यायलाच हवे.

कारखान्यांत नेहमी लावतात तसा सरळ रेषेचा घसारा लावला, तर दरवर्षी 1 कोटी घसारा आणि 30 लाख नफा. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकी किंमत 3 कोटी, म्हणून भांडवलाचे भाडे 36 लाख. अवशिष्ट उत्पन्न उणे 6 लाख. दुसऱ्या वर्षी किंमत 2 कोटी, भाडे 24 लाख. शिल्लक अधिक 6 लाख. तिसऱ्या वर्षी किंमत 1 कोटी, भाडे 12 लाख. शिल्लक अधिक 18 लाख. या तीन आकड्यांचे आजचे मूल्य काढून बेरीज केली, तर ती बरोबर 12 लाख 24 हजार येते. हा योगायोग नव्हे. आधी प्राइनराइख यांनी आणि नंतर 1955 मध्ये जर्मन अभ्यासक ल्युके यांनी दाखवले होते की भांडवलाचे भाडे वर्षारंभीच्या पुस्तकी किमतीवर आकारले आणि सगळा खर्च कधी ना कधी नफ्यातून गेला, तर घसारा कोणत्याही पद्धतीने लिहा, अवशिष्ट उत्पन्नांच्या आजच्या मूल्याची बेरीज प्रकल्पाच्या निव्वळ वर्तमान मूल्याएवढीच येते. परताव्याच्या टक्क्यांबद्दल असे काही म्हणता येत नाही. याच यंत्राचा टक्का पहिल्या वर्षी 10, दुसऱ्या वर्षी 15 आणि तिसऱ्या वर्षी 30 येतो, आणि या तिघांची कोणतीही सरासरी यंत्र घ्यावे की नाही हे सांगू शकत नाही.

पण बेरीज बरोबर येते म्हणून प्रत्येक वर्ष बरोबर ठरत नाही, आणि प्रमुखाचा बोनस बेरजेवर नव्हे, वर्षावर मिळतो. पहिल्या वर्षीचा उणे 6 लाखांचा आकडा पाहिलेला प्रमुख, विशेषतः दोन वर्षांत बदली व्हायची शक्यता असलेला प्रमुख, हे चांगले यंत्र घेणार नाही. उलट ज्याने काहीच केले नाही, कोणतेही जुने यंत्र बदलले नाही, त्याचे अवशिष्ट उत्पन्न पुस्तकी किंमत उतरत जाईल तसतसे आपोआप चढत जाते. तिसऱ्या वर्षी खुर्चीत आलेला माणूस 18 लाखांचे श्रेय घेतो आणि ज्याने यंत्र घेण्याचे धाडस केले त्याच्या नावावर तोटा राहतो. हीच वृत्ती टक्क्यामुळेही वाढते, किंबहुना अधिक तीव्रतेने वाढते. पण अवशिष्ट उत्पन्न या रोगावर औषध आहे असे सांगणारे बहुतेक लेख इथे गप्प राहतात.

औषध घसाऱ्यात आहे. सरळ रेषेऐवजी वार्षिक हप्त्याच्या धर्तीवर घसारा लिहावा. घरकर्जाचा समान मासिक हप्ता जसा व्याज आणि मुद्दल मिळून बनतो आणि सुरुवातीला त्यात व्याज जास्त, मुद्दल कमी असते, तसेच इथे भांडवलाचे भाडे आणि घसारा मिळून दरवर्षी एकच रक्कम यावी. 3 कोटी रुपये तीन वर्षांत 12 टक्के दराने फेडायचे तर हप्ता सुमारे 1 कोटी 24 लाख 90 हजार येतो. पहिल्या वर्षी त्यातले 36 लाख भाडे आणि 88 लाख 90 हजार घसारा; पुढच्या वर्षी भाडे कमी, घसारा जास्त; शेवटच्या वर्षी घसारा सुमारे 1 कोटी 11 लाख 50 हजार. आता अवशिष्ट उत्पन्न तिन्ही वर्षी सारखेच, 5 लाख 10 हजार येते. यंत्र चांगले आहे हे पहिल्या वर्षीच दिसते, तिसऱ्या वर्षी फुकटचे श्रेय मिळत नाही, आणि बदलीची तारीख कोणतीही असो, प्रमुखाचा निर्णय बदलत नाही. यंत्राची रोकड दरवर्षी सारखी नसून वाढती किंवा घटती असेल, तर भाडे आणि घसारा यांची एकत्रित रक्कमही त्याच प्रमाणात वाढती किंवा घटती ठेवावी लागते. तत्त्व मात्र तेच राहते.

यावर लेखापालांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे धरले आहे, लेखापरीक्षकांना सरळ रेषा किंवा घटत्या शिलकीची पद्धत परिचयाची असते, आणि वर्षागणिक वाढत जाणारा घसारा त्यांच्या डोळ्यांना खुपतो. हा आक्षेप खरा आहे, पण तो प्रकाशित ताळेबंदापुरता. विभागप्रमुखाचा बोनस प्रकाशित ताळेबंदावर ठरावा असा कोणताही कायदा नाही. प्राप्तिकरासाठी वेगळा घसारा आणि कंपनी कायद्यासाठी वेगळा घसारा आपण आजही ठेवतोच. व्यवस्थापनासाठी तिसरी नोंदवही ठेवणे आजच्या संगणकीय लेखाप्रणालीत काही दिवसांचे काम आहे. ती ठेवली जात नाही याचे कारण कष्ट नसून, बोनसचा आकडा छापील नफ्याशी जुळला पाहिजे ही संचालकांची आणि भागधारकांची सवय आहे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि मालमत्ता तिच्या मूळ खरेदी किमतीलाच धरावी असे सुचवतात, म्हणजे पुस्तकी किंमत उतरल्याने टक्का चढणार नाही. आपल्या यंत्राचा टक्का मग तिन्ही वर्षी 10 राहतो, आणि 12 टक्के दराच्या कंपनीला ते यंत्र तिन्ही वर्षे वाईट दिसते, जरी ते चांगले आहे. शिवाय जुने, अजून थोडेफार उपयोगाचे यंत्र भंगारात काढले की भाजक एकदम घटतो, म्हणून भंगाराची घाई होते. एक चूक बुजवताना दुसरी उघडी पडते, त्यामुळे या उपायाबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

राहतो दराचा प्रश्न. अवशिष्ट उत्पन्नावरचा सर्वांत जुना आक्षेप हा की 12 टक्के कुठून आणले? कर्जाचा दर बँकेच्या पत्रात लिहिलेला असतो. भागभांडवलाचा दर कुठेच लिहिलेला नसतो, तो अंदाजाने ठरवावा लागतो, आणि त्या अंदाजात एका टक्क्याचा फरक पडला तर 90 कोटींच्या विभागाचा आकडा 90 लाखांनी हलतो. हे सगळे खरे आहे. पण टक्का वापरला म्हणजे दर ठरवावा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. टक्क्यातही दर असतोच. फक्त तो कोणी विचारपूर्वक ठरवलेला नसतो, प्रत्येक विभागाचा आजचा परतावाच तो दर बनतो, हे आपण पाहिले. चुकीच्या पण सर्वांना दिसणाऱ्या 12 वर संचालक मंडळात वाद घालता येतो. न दिसणाऱ्या 25 वर कोणी वाद घालत नाही. धोका वेगळा असेल तर विभागाचा दरही वेगळा ठेवावा, पण वर्षाच्या सुरुवातीला ठरवून वर्षभर तोच ठेवावा. प्रमुखाला दराच्या वाटाघाटीत गुंतवले की तो यंत्रांपेक्षा सादरीकरणांकडे जास्त लक्ष देऊ लागतो.

मोठा विभाग साहजिकच मोठी शिल्लक दाखवतो, म्हणून दोन विभागांची शिल्लक थेट ताडून पाहणे अन्यायाचे ठरते, हाही आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की बोनस शिल्लक रकमेवर नव्हे, तिच्यातील वाढीवर ठरवावा. जुन्या विभागाच्या प्रमुखाला 5 कोटी 20 लाख वारशाने मिळाले आहेत. त्याचे श्रेय त्याचे नाही. नव्या विभागाच्या प्रमुखाला उणे 1 कोटी 80 लाख वारशाने मिळाले आहेत. तो दोष त्याचा नाही. ज्याने ते उणे 1 कोटीवर आणले, त्याने 80 लाखांचे काम केले आहे आणि बोनस त्याच 80 लाखांवर मिळावा. टक्क्याच्या पद्धतीत हा माणूस वर्षानुवर्षे शेवटच्या क्रमांकावर राहतो, आणि तोट्यातला विभाग सावरायला कोणीही चांगला अधिकारी तयार होत नाही.

हा प्रश्न खासगी कंपन्यांपुरता नाही. 1980 च्या दशकात अर्जुन सेनगुप्ता समितीच्या शिफारशींनंतर केंद्र सरकार आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यात दरवर्षी सामंजस्य करार होऊ लागले आणि पुढे उपक्रमाला मिळणाऱ्या श्रेणीशी अधिकाऱ्यांचे कामगिरी-वेतन जोडले गेले. या करारांत नफ्याचे नक्त मूल्याशी किंवा वापरलेल्या भांडवलाशी असलेले गुणोत्तर हे एक ठळक मोजमाप राहिले आहे. त्याच्याच शेजारी अलीकडच्या वर्षांत भांडवली खर्चाचे स्वतंत्र उद्दिष्टही दिलेले असते. एका हाताने असे माप द्यायचे की ज्यामुळे गुंतवणूक टाळणाऱ्याला चांगले गुण मिळतात, आणि दुसऱ्या हाताने एवढे कोटी खर्च केलेच पाहिजेत असे सांगायचे, ही दोन चाकांना दोन दिशांना ओढणारी जोडी आहे. अधिकारी मग मार्चपूर्वी खर्चाचे उद्दिष्ट गाठण्यापुरता खर्च करतात. तो 17 टक्क्यांच्या कामावर झाला की 11 टक्क्यांच्या, याला गुणपत्रिकेत जागा नसते. भांडवलाचे भाडे वजा केलेली शिल्लक मोजली असती, तर खर्चाच्या वेगळ्या उद्दिष्टाची गरजच उरली नसती, कारण चांगले काम न करण्याची किंमत आणि वाईट काम करण्याची किंमत, दोन्ही त्याच एका आकड्यात दिसली असती. सार्वजनिक पैशाचे भाडे शून्य नसते. तो पैसा करदात्याने दुसरीकडून काढून दिलेला असतो.

एखाद्या कंपनीत टक्क्याचा हा रोग शिरला आहे का, हे बाहेरच्या वाचकालाही ताडून पाहता येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या तिमाही निकालांसोबत विभागवार नफा, मालमत्ता आणि देणी छापतात आणि वार्षिक अहवालातील ‘इंड एएस 108’ च्या टिपणीत विभागवार घसारा आणि नवी भांडवली भर बहुधा सापडते. कोणत्याही एका विभागाचे पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. परताव्याचा टक्का चढत असेल, नफा जवळपास तिथेच असेल, मालमत्ता दरवर्षी उतरत असेल आणि नवी भर सलग घसाऱ्यापेक्षा कमी पडत असेल, तर तो चढता टक्का चांगल्या व्यवस्थापनाचा पुरावा नाही. तो विभाग स्वतःची यंत्रे खात आहे. मग त्याच विभागाच्या नफ्यातून 12 टक्क्यांचे भाडे वजा करून पाहावे. जुन्या पुस्तकी किमतीमुळे तो आकडाही फुगलेला असेल, म्हणून मालमत्तेच्या जागी तीच यंत्रे आज घ्यायला लागतील ती रक्कम धरून वजाबाकी पुन्हा करावी. आपल्या जुन्या विभागाची यंत्रे आज 40 कोटींऐवजी 100 कोटींना पडत असतील, तर 5 कोटी 20 लाखांच्या जागी उणे 2 कोटी राहतात, आणि त्या किमतीवरचा घसारा धरला तर त्याहूनही कमी. पंचवीस टक्क्यांचा मान मिरवणारा तो प्रमुख 17 टक्क्यांचा प्रस्ताव नाकारत होता, तेव्हा प्रत्यक्षात तो या आकड्यावर बसलेला होता.